'स्वतःची ओळख एका वस्तूतून करून द्या': या प्रश्नाला उत्तर कसं द्यायचं, आणि वस्तू कशी निवडायची?

शाळेच्या जुन्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप असो, इन्स्टाग्रामवरची स्टोरी असो की नव्या ऑफिसातला पहिला दिवस, हा प्रश्न कुठून ना कुठून येतोच. 'तुम्ही स्वयंपाकघरातली एखादी वस्तू असता तर कोणती असता?' 'नाव आणि नोकरी न सांगता, घरातल्या एका वस्तूतून स्वतःची ओळख करून द्या.' प्रश्न गंमतीचा असतो, पण उत्तरं बहुतेक वेळा ठरलेली येतात. कुणी मेणबत्ती होतं, स्वतः जळून इतरांना प्रकाश देणारी. कुणी चंदन, कुणी आरसा, कुणी फणस. निरोप समारंभातल्या भाषणांमधून हे सगळे आपल्या ओळखीचे आहेत. वीस जणांच्या ग्रुपमध्ये चार मेणबत्त्या निघाल्या की कोणती कुणाची हे दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

हा प्रश्न खरं तर काय विचारतो आणि त्याचं उत्तर कुठे फसतं, ते समजून घेऊ.

एक गाजलेलं झाड

या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध प्रश्न अमेरिकन टीव्हीवर 1981 साली विचारला गेला. बार्बरा वॉल्टर्स या पत्रकार अभिनेत्री कॅथरीन हेपबर्न यांची मुलाखत घेत होत्या. हेपबर्न तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या. म्हातारपणाबद्दल बोलताना त्यांनी स्वतःची तुलना झाडाशी केली. त्यावर वॉल्टर्स यांनी विचारलं, कोणतं झाड? या प्रश्नावरून वॉल्टर्स यांची पुढे कित्येक वर्षं थट्टा झाली. झाडाचा विषय मुळात हेपबर्न यांनीच काढला होता, हे मात्र थट्टा करणारे विसरून गेले.

थट्टेच्या गोंधळात उत्तर मागे पडलं, आणि खरं पाहण्यासारखं तेच होतं. आपल्याला ओक व्हायला आवडेल, एल्म नको, कारण एल्मला तो रोग लागतो, अशा अर्थाचं त्या बोलल्या. हा रोग म्हणजे 'डच एल्म डिसीज'. या बुरशीने विसाव्या शतकात अमेरिकेतली कोट्यवधी एल्म झाडं मारली. रस्त्यांच्या दुतर्फा उभी असलेली झाडं वाळून गेलेली तिथल्या प्रेक्षकांनी स्वतः पाहिली होती. त्यामुळे नुसतं 'मी ओक' म्हटलं असतं तर ती फुशारकी वाटली असती. 'एल्म नको' म्हटल्यावर त्यात एका म्हाताऱ्या माणसाची भीती आली. आतून पोखरलं जाण्याची भीती. उत्तराचं वजन निवडलेल्या वस्तूइतकंच नाकारलेल्या वस्तूतही असतं, हे इथे दिसतं.

ढग आणि स्पंज

उत्तर फसण्याचं पहिलं कारण समजायला मानसशास्त्राचा थोडा आधार घ्यावा लागतो. डेड्रे गेंटनर या अमेरिकन संशोधक तुलना कशा जुळतात याचा अभ्यास करतात. त्यांनी 1983 साली मांडलेल्या सिद्धांताचा गाभा असा: चांगली तुलना दोन गोष्टींच्या गुणांवर उभी राहत नाही, ती त्यांच्यातल्या नात्यांवर उभी राहते. अणूला सूर्यमालेची उपमा देतात ती अणूचा गाभा सूर्यासारखा पिवळा किंवा गरम असतो म्हणून नव्हे. मध्ये जड काहीतरी आहे आणि हलकं काहीतरी त्याच्याभोवती फिरतं, ही रचना दोन्हीकडे सारखी आहे म्हणून.

त्यांचंच आणखी एक उदाहरण घरगुती आहे. 'ढग स्पंजसारखा असतो' म्हणजे काय, असं लहान मुलांना विचारलं की ती सांगतात, दोन्ही गोल आणि मऊ असतात. मोठी माणसं सांगतात, दोन्ही पाणी धरून ठेवतात आणि मग सोडतात. लहान मुलांनी दिसणं पाहिलं, मोठ्यांनी काम पाहिलं.

स्वतःबद्दल लिहायला बसलं की मोठी माणसंही लहान मुलांसारखी उत्तरं देतात. 'मी फणस, बाहेरून काटेरी आतून गोड' हे गोल-मऊ जातीचं उत्तर आहे. त्यात फक्त विशेषणं आहेत. हा माणूस कुणाशी कसा वागतो, कुठे अडतो, त्याच्याशिवाय काय थांबतं, यातलं काहीच त्यातून कळत नाही.

सगळ्यांना लागू पडणारं वाक्य

दुसरं कारण थोडं फसवं आहे. 1948 साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांची एक व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'त्याचं' वर्णन लिहून दिलं. वर्णन किती बरोबर आहे यासाठी पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी चारच्या वर गेली. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातली वाक्यं रस्त्यावरच्या विक्रेत्याकडे मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतली होती.

मेणबत्ती, आरसा, पाणी ही उत्तरं याच जातीची आहेत. लिहिणाऱ्याला ती अगदी खरी वाटतात, कारण ती खरीच असतात. फक्त ती शेजाऱ्याबद्दलही तेवढीच खरी असतात. यावरून एक साधी तपासणी निघते. उत्तर लिहून झालं की त्याखाली आपल्या ओळखीतल्या दुसऱ्या कुणाचंही नाव टाकून बघायचं. वाक्य अडखळलं नाही, तर ते अजून आपलं झालेलं नाही.

म्हणजे साध्या वस्तू वर्ज्य आहेत असं नाही. आरशाचंच बघा. सेना महाराजांच्या अभंगात आरसा येतो, चिमटाही येतो. पण ते न्हावी होते आणि त्यांच्या धोकटीत तो आरसा रोज असायचा. नरहरी सोनारांनी देहाला सोनाराच्या शेगडीचं रूपक दिलं, कारण त्या शेगडीपुढे बसण्यातच त्यांचा दिवस जायचा. वस्तू हातातली असली की तिच्याबद्दल अशा गोष्टी माहीत असतात ज्या दुकानातून विकत घेणाऱ्याला माहीत नसतात.

'मी छत्री बोलतेय' आडवं येतं

मराठी माध्यमात शिकलेल्यांना इथे आणखी एक अडचण असते. शाळेत आत्मवृत्त हा निबंधाचा प्रकार सगळ्यांनी लिहिलेला आहे. फाटक्या पुस्तकाचं मनोगत, छत्रीची कैफियत. त्याचा साचा पक्का आहे: माझा जन्म कारखान्यात झाला, मग मला दुकानात ठेवलं, मालकाने प्रेमाने घरी नेलं, वापरलं, आता मी अडगळीत आहे, तरी माझी तक्रार नाही. 'वस्तू होऊन बोला' म्हटलं की हात आपोआप त्या वळणाने चालू लागतो.

आत्मवृत्तात मूळ बोलणारी वस्तू असते, लिहिणारा मुलगा कुठेच नसतो. म्हणून तर एकाच निबंधाच्या चाळीस प्रती वर्गात निघतात. या प्रश्नात उलटं आहे. वस्तूचा जन्म आणि मरण कुणी विचारलेलं नाही. तिचं एखादं काम, एखादी खोड आणि एखादी जागा एवढंच पुरतं, आणि ती तिन्ही लिहिणाऱ्याच्या आयुष्यात सापडली पाहिजेत.

एक उत्तर तयार होताना

समजा, एक पन्नाशीजवळची बाई आहे. मध्यम शहरातल्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करते. दहावीच्या बॅचचा ग्रुप तीसेक वर्षांनी जमला आहे आणि तिथे हा प्रश्न आला आहे. तिने आधी लिहिलं, 'मी मीठ. असले तर कळत नाही, नसले तर सगळं बेचव.' मग पाहिलं तर वर दोघांनी मीठच लिहिलं होतं. तिने ते पुसलं.

इथे विशेषणं बाजूला ठेवून क्रियापदांकडे जाणं उपयोगी पडतं. 'मी कशी आहे' याऐवजी 'गेल्या आठवड्यात मी काय काय केलं' असं विचारायचं. सोमवारी रांगेत दोन तास उभा राहिलेला एक माणूस खिडकीवर ओरडला. तिने त्याचं ऐकून घेतलं आणि आत डॉक्टरांना त्यातला कामाचा भाग तेवढा सांगितला. गुरुवारी आईने भावाबद्दलची तक्रार तिला फोनवर सांगितली. भावाने आईबद्दलची. ती दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, तिच्यामार्फत बोलतात. रविवारी जावेच्या घरातलं भांडण शांत करायला ती जाऊन आली.

तीन वेगळ्या गोष्टी, पण काम एकच. तापलेलं काहीतरी एका जागेवरून उचलून, कुणाला न भाजता, दुसऱ्या जागी ठेवणं. हे एक वाक्य हाती लागणं हाच सगळ्यात अवघड टप्पा, आणि बहुतेक लोक तो गाळून थेट वस्तूंच्या यादीकडे जातात.

आता हे काम करणाऱ्या वस्तू शोधायच्या. स्वयंपाकघरात तीन सापडतात: फडकं, चिमटा आणि सांडशी, म्हणजे काही घरांत जिला पक्कड म्हणतात ती. चिमटा पोळी-पापडापुरता, वजन पेलत नाही, म्हणून तो गेला. फडकं जवळचं वाटतं, पण कोरडं असेपर्यंतच ते हात वाचवतं. ओलं झालं की पाण्यातून उष्णता भरकन हाताला पोचते आणि चटका बसतो. हे वाचून तिला आपली धाकटी बहीण आठवेल, कुणाचंही रडणं ऐकलं की स्वतःच भिजून जाणारी. ती स्वतः तशी नाही. ती पकडते, धरून ठेवते आणि सोडते. म्हणजे सांडशी. फडकं का नाही हे कळल्यामुळे सांडशी का हे पक्कं झालं, हेपबर्न यांच्या एल्मसारखंच.

अजून ही कुठलीही सांडशी आहे. ती 'तिची' व्हायला एक खरी सांडशी लागते, आणि आईकडे तशी एक आहे. सांडशीच्या दोन पात्या मध्ये एका खिळ्यावर फिरतात. वर्षानुवर्षं वजन उचलून तो खिळा झिजतो आणि सैल होतो. मग तोंडं समोरासमोर नीट मिटत नाहीत, आडवी हलतात, आणि भरलेलं पातेलं उचललं की एका बाजूला कलतं. हे कळतं ते पातेलं भरलेलं असतानाच. रिकामं भांडं सैल सांडशीतही नीट बसतं. दुरुस्ती मोठी नसते, खिळ्याच्या डोक्यावर हातोडीचे दोन-तीन ठोके, पण त्यासाठी सांडशी थोडा वेळ कामातून बाजूला काढावी लागते.

या शेवटच्या तपशिलापाशी उत्तर जिवंत होतं. कारण प्रश्न असा उरतो: तिचा खिळा कधी सैल झाला होता? तिने ग्रुपवर टाकलेलं उत्तर असं असू शकतं:

'मी आईकडची जुनी सांडशी. शोकेसमध्ये कधी नव्हते, गॅसशेजारी खिळ्याला टांगलेली असते. तापलेलं पातेलं उतरवायचं असलं की माझी शोधाशोध होते, वरण वाढून झालं की नाही. त्याचं वाईट वाटत नाही. पण माझा खिळा मधूनमधून सैल होतो. मागच्या वर्षी झाला होता, दोन महिने कुणाचाच फोन घेतला नाही. आता ठोकून घेतलाय. फक्त एका वेळी एकच पातेलं द्या.'

पन्नासेक शब्दांचा मजकूर. त्यात नोकरी नाही, नवरा-मुलं नाहीत, तरी तीस वर्षांनी भेटणाऱ्या मैत्रिणीला ती कोण झाली आहे ते कळतं. शिवाय 'मागच्या वर्षी काय झालं होतं गं?' असं वेगळ्याने विचारायला तिला जागा मिळते. मिठाच्या उत्तराखाली फक्त अंगठे आले असते.

दोन गोष्टी तिने मुद्दाम गाळल्या आहेत. आई आणि भाऊ बोलत नाहीत हे लिहिलेलं नाही, कारण ती गोष्ट एकटीची नाही. आणि 'अशीच मी सगळ्यांची दुःखं उचलते' हे समजावून सांगणारं वाक्यही नाही. ते आलं असतं तर सांडशी पुन्हा मेणबत्ती झाली असती. तुलनेचा अर्थ शेवटी फोडून सांगण्याचा मोह या प्रकारात फार होतो. वरण वाढून झाल्यावर पातेलं पुन्हा चुलीवर ठेवण्यासारखं आहे ते.

महाग वस्तू का चालत नाही?

काही जण उलट टोकाला जातात आणि घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू निवडतात. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि युजीन रॉचबर्ग-हॅल्टन यांनी शिकागो परिसरातल्या 82 कुटुंबांमधल्या 315 जणांना, घरातली कोणती वस्तू तुम्हाला खास वाटते, असं विचारलं होतं. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1981 साली आलं. लोकांनी दाखवलेल्या बऱ्याचशा वस्तू साध्या होत्या, आणि त्या का आवडतात याची कारणं किमतीपेक्षा आठवणी आणि माणसांशी जोडलेली होती. पिढ्यांमध्ये फरकही दिसला. मुलांनी गाणी ऐकायचे स्टिरिओ सांगितले, आजी-आजोबांनी फोटो. तरुणांना वस्तूने काय करता येतं ते महत्त्वाचं वाटत होतं, म्हाताऱ्यांना वस्तू कुणाची आठवण देते ते.

एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. प्रिय वस्तू आणि स्वतःसारखी वस्तू एकच असेल असं नाही. आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ कुणाला जिवापाड प्रिय असेल, पण 'मी ते घड्याळ आहे' म्हटलं तर 'मी बंद पडलोय' असा अर्थ निघतो. प्रश्न 'तुमच्यासाठी खास वस्तू' असा असेल तर आठवण सांगावी. 'तुम्ही कोणती वस्तू' असा असेल तर काम सांगावं. दोन्ही एकाच वस्तूत मिळाली, आईकडच्या सांडशीसारखी, तर उत्तम. नाही मिळाली तर ओढूनताणून जुळवू नये.

नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न आला तर हिशेब थोडा वेगळा असतो. तिथे वेळ अर्ध्या मिनिटाचा असतो आणि समोरच्याला कामाचं उदाहरण हवं असतं. वस्तू, तिचं एक काम आणि ते काम आपण कधी केलं होतं तो एक प्रसंग, एवढ्यावर थांबावं. सैल खिळा तिथे न काढलेला बरा.

पोस्ट करण्याआधी

सोशल मीडियावरचे सगळेच गंमतीचे प्रश्न निरागस नसतात. 2018 साली उघड झालेल्या केंब्रिज अॅनालिटिका प्रकरणाची सुरुवात फेसबुकवरच्या एका व्यक्तिमत्त्व चाचणीच्या अॅपमधून झाली होती. सुमारे 8 कोटी 70 लाख लोकांची माहिती त्यातून गेली असावी, असं फेसबुकनेच नंतर सांगितलं. वस्तूच्या प्रश्नात धोका कमी आहे, पण त्याचे काही भाऊबंद आहेत. 'तुमची पहिली गाडी कोणती?', 'लहानपणीच्या कुत्र्याचं नाव सांगा', 'पहिली शाळा कोणती?' पासवर्ड विसरल्यावर विचारले जाणारे सुरक्षा प्रश्न नेमके असेच असतात. त्यामुळे पहिल्या स्कूटरला आपली वस्तू म्हणून निवडलं, तर तिचा खडखडाट सांगावा, कंपनी आणि नंबर नको.

वस्तूचा फोटो टाकताना मागे काय दिसतंय तेही पाहावं. विजेचं बिल, औषधाची चिठ्ठी, मुलाच्या गणवेशावरचा शाळेचा बिल्ला. आणि वस्तू म्हणून घराची किल्ली निवडली असेल, जी खरं तर चांगली निवड आहे, तर तिचा फोटो टाकू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी 2008 साली नुसत्या फोटोवरून किल्लीच्या दात्यांची मापं काढून दाखवली होती, आणि त्यातला एक फोटो लांबच्या गच्चीवरून काढलेला होता. किल्लीबद्दल लिहायचं तर ती कुठल्या कुलपात अडते ते लिहिता येतं, दाते दाखवायची गरज पडत नाही.